आकड्याआधी लिहिलेले वाक्य

पिकाच्या पानाचा फोटो पाहून रोग ओळखणाऱ्या संगणकीय मॉडेलबद्दल एस. पी. मोहंती, डेव्हिड ह्यूज आणि मार्सेल सालाते या तिघांनी 2016 साली एक शोधनिबंध लिहिला. त्यासाठी त्यांनी ‘प्लांटव्हिलेज’ या खुल्या संग्रहातली 54,306 छायाचित्रे वापरली. 14 पिके आणि 26 रोग मिळून पानांचे 38 वर्ग होते. मॉडेलने न पाहिलेली छायाचित्रे बाजूला ठेवून परीक्षा घेतली, तेव्हा सर्वांत चांगल्या मॉडेलची अचूकता 99.35 टक्के निघाली. हा आकडा जगभर गाजला. त्याच निबंधात आणखी एक आकडा आहे. इंटरनेटवरून गोळा केलेल्या, वेगळ्या परिस्थितीत काढलेल्या छायाचित्रांवर तेच मॉडेल चालवले, तेव्हा अचूकता 31 टक्क्यांच्या थोडी वर थांबली.

दोन्ही आकडे खरे आहेत आणि लेखकांनी दोन्ही प्रामाणिकपणे छापले आहेत. पहिला आकडा सांगतो की याच संग्रहातले नवे चित्र दिले तर मॉडेल काय करते, आणि दुसरा सांगतो की बाहेरचे चित्र दिले तर काय होते. मशीन लर्निंगच्या कामात आकड्यांची कधीच टंचाई नसते, एका रात्रीत शंभर निघतात. कोणता आकडा कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, हे मात्र आठवड्याभरात विसरले जाते. ते विसरू नये म्हणून अनेक संघ आता प्रत्येक प्रयोगाचे एक तिकीट लिहितात. त्यात तीन गोष्टी असतात: प्रयोगाआधी लिहिलेले गृहीतक, प्रयोगानंतर लिहिलेला निकाल आणि त्यावरून घेतलेला निर्णय.

सॉफ्टवेअर कंपन्यांत तिकीट रोजच्या वापरातले आहे. एखादी चूक सापडली किंवा नवी सोय करायची असली की जिरा किंवा गिटहबसारख्या ठिकाणी तिची नोंद होते. नोंदीला क्रमांक मिळतो, कुणाकडे तरी ती सोपवली जाते आणि काम झाले की बंद होते. ‘बटण दाबल्यावर पान उघडत नाही’ असे तिकीट कधी बंद करायचे याबद्दल वाद होत नाही. पान उघडले की ते बंद. मशीन लर्निंगचे काम या साच्यात सहज बसत नाही. ‘मॉडेल सुधारा’ असे तिकीट लिहिले तर ते कधीच बंद होणार नाही. ते बंद करायचे तर कामाऐवजी प्रश्न लिहावा लागतो. हा प्रश्न असा हवा की त्याचे उत्तर ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘यावरून सांगता येत नाही’ यांपैकी काहीतरी एक येईल. उत्तर ‘नाही’ आले तरी तिकीट पूर्ण होते. कारण काम होते ते उत्तर मिळवण्याचे.

यावर कुणी म्हणेल की नोंद ठेवायला साधने आहेतच. एमएलफ्लो किंवा वेट्स अँड बायसेस यांसारखी साधने प्रत्येक प्रयोगाची मापे, शिकण्याचा वेग, चुकीचे प्रमाण आणि आलेख आपोआप साठवतात. ती वापरावीतच. पण ती साठवतात ते घडलेले. आपण हे का करून पाहिले आणि काय अपेक्षा होती, हे त्यांना कळण्याचा मार्ग नाही. तीन महिन्यांनी दोनशे ओळींचा तक्ता उघडला की 147 व्या ओळीतला आकडा दिसतो. तो चांगला होता की वाईट, त्यावर विश्वास ठेवला गेला की नाही, हे त्या ओळीत कुठेच नसते.

आता प्लांटव्हिलेजच्या उदाहरणाकडे परत येऊ, कारण गृहीतकाची जागा एवढी महत्त्वाची का, ते तिथे स्वच्छ दिसते.

या संग्रहातली बहुतेक छायाचित्रे अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या प्रायोगिक शेतांवर काढलेली आहेत. पान तोडायचे, करड्या किंवा काळ्या कागदावर ठेवायचे आणि उघड्यावर उजेडात फोटो काढायचा, अशी पद्धत होती. एका रोगाची पाने एकाच बैठकीत, त्याच कागदावर, त्याच उजेडात टिपली गेली तर काय होईल? त्या रोगाच्या सगळ्या फोटोंत पार्श्वभूमीची छटा सारखी येईल. मॉडेलला रोग आणि कागद यांतला फरक कुणी सांगितलेला नसतो. ज्या खुणेने उत्तर बरोबर येते ती खूण ते धरते.

लेखकांना ही शंका होती. म्हणून त्यांनी प्रत्येक प्रयोग तीन प्रकारच्या चित्रांवर केला: मूळ रंगीत चित्रे, कृष्णधवल चित्रे आणि पार्श्वभूमी काढून फक्त पान ठेवलेली चित्रे. पार्श्वभूमी काढल्यावर अचूकता रंगीत चित्रांपेक्षा किंचित कमी झाली, पण कोसळली नाही. कृष्णधवल चित्रांपेक्षा ती वरच राहिली. हे वाचून पुष्कळांचे समाधान होईल. पार्श्वभूमी काढूनही मॉडेल चालते, म्हणजे ते पानच पाहत असणार!

इथे थांबून प्रश्न नेमका लिहिला असता तर वेगळेच दिसले असते. पार्श्वभूमी काढून शिकवलेले मॉडेल एवढेच सिद्ध करते की पानात पुरेशी माहिती आहे आणि दुसरे काही मिळाले नाही तर मॉडेल तेवढ्यावर भागवू शकते. मूळ रंगीत चित्रांवर शिकलेले मॉडेल पार्श्वभूमी वापरत होते की नव्हते, हा वेगळा प्रश्न आहे. पार्श्वभूमीत रोगाची माहिती लपलेली आहे का, हा तिसरा. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 2022 साली मेहमेत अलिजान नोयान या संशोधकाने दिले. त्याने प्रत्येक चित्राच्या पार्श्वभूमीतले फक्त 8 पिक्सेल घेतले आणि पानाचा एकही ठिपका न दाखवता मॉडेल शिकवले. 38 वर्गांत आंधळेपणाने उत्तर दिले तर 2.6 टक्के उत्तरे बरोबर येतात. त्याच्या मॉडेलची 49 टक्के आली. नेहमी सर्वांत मोठ्या वर्गाचेच नाव घेतले, म्हणजे प्रत्येक चित्राला ‘संत्र्यावरील सिट्रस ग्रीनिंग’ म्हटले, तरी या संग्रहात सुमारे 10 टक्के मिळतात. तुलना त्या 10 टक्क्यांशी केली तरी 49 हा आकडा अस्वस्थ करणारा आहे.

तीन प्रश्न आणि तीन वेगळे प्रयोग. मनातल्या मनात ठेवले तर हे तिन्ही ‘पार्श्वभूमीचा परिणाम तपासला’ या एका वाक्यात विरघळून जातात. तिकिटात गृहीतक लिहिण्याचा खरा उपयोग हा आहे, की वाक्य लिहायला बसले की प्रश्नांतला फरक लपत नाही.

मग मधल्या प्रश्नाचे, म्हणजे ‘आपल्या हातातले मॉडेल पार्श्वभूमीवर विसंबून आहे का’ या प्रश्नाचे तिकीट कसे लिहावे? समजा, नारायणगावच्या टोमॅटो पट्ट्यातल्या शेतकऱ्यांसाठी मोबाइलवर चालणारे मॉडेल तीनजणांचा एक छोटा संघ तयार करतो आहे. हा संघ आणि त्याचे पुढचे सगळे आकडे उदाहरणासाठी रचलेले आहेत. प्लांटव्हिलेजमध्ये टोमॅटोची 18,160 चित्रे 10 वर्गांत आहेत. त्यांवर शिकवलेले मॉडेल संग्रहातल्या राखीव चित्रांवर 99 टक्के गुण मिळवते. शेतात मोबाइलने काढलेल्या 500 फोटोंवर मात्र त्याला 34 टक्केच मिळतात. पहिला विचार पार्श्वभूमीचाच येतो. त्याचे तिकीट असे:

```
तिकीट 14
गृहीतक : मॉडेल पार्श्वभूमीवर विसंबून आहे.
कसे कळेल: राखीव चित्रांतली पाने कापून
  (अ) त्याच वर्गाच्या दुसऱ्या चित्राच्या पार्श्वभूमीवर
  (आ) वेगळ्या वर्गाच्या पार्श्वभूमीवर चिकटवायची.
  (आ) ची अचूकता (अ) पेक्षा 10 गुणांनी
  किंवा अधिक कमी आली तर गृहीतक मान्य.
  फरक 3 गुणांच्या आत असेल तर अमान्य.
  मध्ये असेल तर: सांगता येत नाही.
कोड: 4f2a9c1   डेटा: tomato-v3   सीड: 1 ते 5
```

यातली (अ) ही पायरी वाचकाला अनावश्यक वाटेल. सरळ परकी पार्श्वभूमी चिकटवून पाहिले तर काय बिघडेल? बिघडेल ते असे. पान कापून दुसरीकडे चिकटवले की कडेला रेघ उमटते, सावली चुकते, चित्र अनैसर्गिक दिसते. अचूकता घसरली तर ती पार्श्वभूमी बदलल्यामुळे की कापाकापीमुळे, हे कळायला मार्ग राहत नाही. (अ) मध्येही तीच कापाकापी आहे, फक्त पार्श्वभूमी त्याच वर्गाची. म्हणून (अ) आणि (आ) यांतला फरक कापाकापीचा नसतो, तो पार्श्वभूमीचा असतो. ही पायरी प्रयोगानंतर सुचली तर उशीर झालेला असतो, कारण तोवर एक आकडा सगळ्यांच्या तोंडी बसलेला असतो. ‘कसे कळेल’ हा रकाना लिहिताना ती बहुधा सुचतेच. कारण तिथे लिहिणाऱ्याला स्वतःलाच विचारावे लागते की हा आकडा दुसऱ्या कुठल्या कारणाने येऊ शकेल का.

10 आणि 3 हे आकडे कुठून आले? त्यांना शास्त्राचा काही दैवी आधार नाही. संघाने बसून ठरवले की 10 गुणांचा फरक असेल तर कामाची दिशा बदलायची आणि 3 गुणांसाठी बदलायची नाही. महत्त्व त्या रेषेच्या अचूक जागेपेक्षा ती आधी आखण्याला आहे. आकडा पाहिल्यावर आखलेली रेषा नेहमी त्या आकड्याच्या सोयीच्या बाजूला पडते. यात कुणाची लबाडी नसते. आठवडाभर खपून केलेल्या कामात आशा शोधणे हा मनाचा स्वभावच आहे.

औषधांच्या चाचण्यांना हा धडा फार आधी शिकावा लागला. अमेरिकेत 2000 साली चाचण्यांची सार्वजनिक नोंदवही सुरू झाली. भारतात ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री’ 2007 मध्ये आली आणि 2009 पासून नोंदणी सक्तीची झाली. चाचणी सुरू होण्याआधीच कोणता परिणाम मोजणार हे तिथे लिहावे लागते. रॉबर्ट कॅप्लान आणि व्हेरोनिका अर्विन यांनी 2015 मध्ये अमेरिकी सरकारी निधीतून झालेल्या हृदयविकाराच्या मोठ्या चाचण्या तपासल्या. 2000 पूर्वीच्या 30 चाचण्यांपैकी 17 मध्ये उपचाराचा लक्षणीय फायदा दिसला होता. त्यानंतरच्या 25 चाचण्यांपैकी फक्त 2 मध्ये दिसला. नोंदणी हे एकच कारण असेल असे म्हणता येणार नाही, पण अभ्यासकांना या घसरणीशी सर्वांत जवळचे नाते तिचेच आढळले. मशीन लर्निंगमध्ये अशी सक्ती करणारे कुणी नाही. तिकीट ही संघाने स्वतःवर घातलेली नोंदणी आहे.

आता निकाल. समजा, तिकीट 14 मध्ये (अ) ची अचूकता 96 आली आणि (आ) ची 71. फरक 25 गुणांचा, म्हणजे गृहीतक मान्य. इथे वाद नाही. पण बहुतेक प्रयोगांचा निकाल इतका बोलका नसतो आणि खरी परीक्षा तिथेच असते.

संघाने पुढचे तिकीट, क्रमांक 15, असे काढले: शिकवण्याच्या चित्रांतली पाने कापून माती, तण, हात, मल्चिंगचा कागद अशा शेतातल्या पार्श्वभूमींवर चिकटवली तर 500 शेतफोटोंवरची अचूकता किमान 5 गुणांनी वाढेल. ती 34 वरून 41 झाली. मग कुणीतरी म्हणाले की आता मोठे जाळे वापरू, म्हणजे अधिक थर असलेले, अधिक ताकदीचे मॉडेल. तिकीट 16. गृहीतक: मोठ्या जाळ्याने आणखी 3 गुण मिळतील. निकाल: 41 वरून 42.

एक गुण वाढला. घ्यायचा का?

500 फोटोंत एक टक्का म्हणजे पाच फोटो. एवढ्या फोटोंवर 41 टक्के अचूकता मोजली, तर दुसरे तसेच 500 फोटो घेतल्यावर तो आकडा सहज चार गुण इकडे किंवा तिकडे जाऊ शकतो. शिवाय मॉडेलच्या आतही नशिबाचा भाग असतो. शिकायला सुरुवात करताना त्याचे अंतर्गत आकडे यादृच्छिक असतात आणि चित्रे कोणत्या क्रमाने दाखवायची हेही चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरते. या यादृच्छिकतेला सुरुवात करून देणाऱ्या संख्येला सीड म्हणतात. तेच मॉडेल, तोच डेटा, फक्त सीड वेगळे, तरी अचूकता एकदोन गुणांनी हलते. म्हणून निकालाच्या रकान्यात एकच आकडा लिहिणे पुरेसे नाही. पाच सीडवर चालवून सरासरी आणि सर्वांत खालचा व वरचा आकडा लिहावा. लहान जाळे 39 ते 43, मोठे जाळे 40 ते 44. हे पट्टे एकमेकांवर चढलेले दिसले की उत्तर निम्मे मिळते.

उरलेले निम्मे मिळवायला आणखी एक साधी मोजणी करता येते. दोन्ही मॉडेलना तेच 500 फोटो दाखवलेले आहेत. मग टक्केवारी बाजूला ठेवून फोटोगणिक पाहावे. लहान जाळ्याने चुकवलेले किती फोटो मोठ्याने बरोबर ओळखले आणि लहानाने बरोबर ओळखलेले किती मोठ्याने चुकवले? समजा 38 नवे बरोबर आले आणि 33 नवे चुकले. 71 वेळा नाणे उडवले तरी 38 विरुद्ध 33 असा कौल सहज येतो. मोठ्या जाळ्याने सुधारणा केलेली नाही, ते फक्त वेगळ्या ठिकाणी चुकते आहे. मी तर म्हणेन की निकालाच्या रकान्यात ही दोन आकड्यांची ओळ प्रत्येक तिकिटात असावी. ती मोजायला मिनिटभर लागते आणि बैठकीतला अर्धा तास वाचतो.

निकाल आणि निर्णय हे दोन रकाने वेगळे का ठेवायचे, असा प्रश्न नव्याने पद्धत सुरू करणारे हमखास विचारतात. निकाल आला की निर्णय उघड नाही का? नाही. निकाल म्हणजे मोजमाप, ते कुणीही मोजले तरी तेच यायला हवे. निर्णयात इतर गोष्टी मिसळतात: मोबाइलवर मॉडेल किती जागा घेईल, एका फोटोला किती वेळ लागेल, संघाकडे किती दिवस आहेत. तिकीट 16 मध्ये मोठ्या जाळ्याला खरोखरच 3 गुण मिळाले असते, तरी ते स्वस्त मोबाइलवर दहा सेकंद घेते म्हणून नाकारता आले असते. हे कारण निकालात घुसडले की सहा महिन्यांनी लोकांच्या आठवणीत उरते ते ‘मोठे जाळे चालत नाही’ एवढेच. खरे कारण मोबाइलचा वेग होता आणि मोबाइल दरवर्षी वेगवान होतात.

म्हणून निर्णयाच्या रकान्यात आणखी एक ओळ हवी: हे तिकीट पुन्हा कधी उघडायचे. तिकीट 16 चा निर्णय असा लिहिता येईल:

```
निकाल : लहान 41 (39–43), मोठे 42 (40–44), 5 सीड.
        38 नवे बरोबर, 33 नवे चूक.
        गृहीतक (3 गुण) अमान्य.
निर्णय: लहान जाळेच ठेवायचे.
        शिकवायला खरे शेतफोटो 5,000 च्या वर
        गेले की पुन्हा उघडायचे.
```

शेवटच्या ओळीमागे विचार आहे. मोठ्या जाळ्याची ताकद दाखवायला मोठा आणि विविध डेटा लागतो. आज चिकटवलेल्या पार्श्वभूमींवर त्याचा फायदा दिसला नाही, याचा अर्थ पुढेही दिसणार नाही असा होत नाही. वर्षभरात संघात नवी मुलगी येईल, पहिल्याच आठवड्यात मोठे जाळे सुचवेल आणि तिचे म्हणणे वाजवी असेल. तिला तिकीट 16 दाखवता येते. ती वाचेल, आता फोटो 6,200 आहेत असे म्हणेल आणि त्याच क्रमांकाचा संदर्भ देऊन नवे तिकीट काढेल. तिकीट नसते तर कुणीतरी सांगितले असते, ‘ते आम्ही करून पाहिले आहे’, आणि गोष्ट तिथेच मिटली असती. कधी, कशावर, किती डेटा असताना करून पाहिले, ते कुणालाच सांगता आले नसते.

अपयशी प्रयोगांची तिकिटे म्हणूनच जपायची असतात. यशस्वी प्रयोग कोडमध्ये जाऊन बसतो, तो हरवत नाही. फसलेल्या प्रयोगाचा कोडमध्ये मागमूसही राहत नाही, त्याचे घर तिकीटच. संघ तिकिटे वापरतो म्हणतो आणि बंद झालेल्यांपैकी एकाचेही गृहीतक अमान्य झालेले नाही, असे दिसले तर दोनच शक्यता आहेत. गृहीतके निकालानंतर लिहिली जात आहेत, किंवा फसलेले प्रयोग नोंदलेच जात नाहीत. पहिली शक्यता तपासायला सोपी आहे. तिकीट कधी तयार झाले आणि प्रयोग कधी चालला, या दोन वेळा प्रणालीत आपोआप असतात. तिकीट प्रयोगानंतर जन्मले असेल तर गृहीतकाच्या रकान्यात जे आहे ते गृहीतक नाही.

पद्धतीला मर्यादा आहेत आणि त्या न ओळखता ती लादली तर लोक आठवड्यात कंटाळतात. सर्वांत नेहमीची चूक म्हणजे प्रत्येक धावेला एक तिकीट. प्लांटव्हिलेजच्या निबंधात 2 प्रकारची जाळी, 2 शिकवण्याच्या पद्धती, 3 प्रकारची चित्रे आणि 5 प्रकारची विभागणी मिळून 60 प्रयोग होते. त्यांची 60 तिकिटे करायची नसतात. ‘आधीच शिकलेल्या जाळ्यापासून सुरुवात करणे शून्यापासून शिकवण्यापेक्षा बरे का?’ हा एक प्रश्न, एक तिकीट, आणि त्याखाली लागतील तेवढ्या धावा. धावांचे आकडे एमएलफ्लोसारख्या साधनात राहतात, तिकिटात त्यांचा दुवा राहतो. शिकण्याचा वेग किती ठेवायचा यासाठी चाळीस किमती चाळून पाहणे हेही एकच तिकीट.

दुसरी गोष्ट, सुरुवातीच्या चाचपडण्याला तिकीट नको. डेटा उघडून पाहणे, शंभर फोटो डोळ्यांखालून घालणे, चुकलेली उत्तरे एकत्र लावून बघणे, यात गृहीतक नसते आणि ओढूनताणून लिहिले तर ते खोटे होते. हे काम मोकळेपणानेच व्हायला हवे, कारण चांगली गृहीतके तिथूनच निघतात. त्याला फार तर वेळेची मर्यादा घालावी: दोन दिवस पाहू आणि शेवटी दोन-तीन तिकिटे लिहू.

तिसरी गोष्ट मला सर्वांत गंभीर वाटते. आपल्या उदाहरणातल्या संघाकडे 500 शेतफोटो आहेत आणि प्रत्येक तिकिटाचा कौल त्यांवरच घेतला जातो. चाळीस तिकिटांनंतर काय झालेले असेल? मॉडेल त्या फोटोंवर शिकलेले नसेल, पण संघ शिकलेला असेल. चाळीस वेळा त्या 500 फोटोंना जे आवडले तेच ठेवले गेले आणि उरलेले टाकले गेले. त्यातले काही निव्वळ नशिबाने त्या फोटोंना जुळलेले असणार. आकडा हळूहळू चढत राहतो आणि नव्या शेतात गेल्यावर पडतो. उपाय असा, की फोटो दोन भागांत वेगळे ठेवायचे. रोजची तिकिटे पहिल्या भागावर तपासायची आणि दुसरा भाग कुलूपबंद ठेवायचा. तो फक्त ‘अंतिम’ असे चिन्ह असलेल्या तिकिटासाठी उघडायचा. किती वेळा उघडला हे तिकिटांच्या यादीतून कधीही मोजता येते. ही मोजदाद दुसऱ्या कुठल्याच साधनात होत नाही.

भाग पाडतानाही एक काळजी घ्यावी लागते. एकाच झाडाचे चार फोटो असतील आणि दोन एका भागात, दोन दुसऱ्यात गेले, तर मॉडेल रोग ओळखण्याऐवजी ते झाड ओळखेल. मोहंती आणि सहकाऱ्यांनी हे सांभाळले होते. त्यांच्याकडे 41,112 चित्रांबाबत कोणते चित्र कोणत्या पानाचे याची नोंद होती, आणि एका पानाची सगळी चित्रे एकाच भागात जातील असे त्यांनी पाहिले. शेतफोटोंच्या बाबतीत झाडापेक्षाही पुढे जाऊन शेत हेच एकक धरावे, म्हणजे एका शेतकऱ्याचे सगळे फोटो एकाच भागात. डेटाच्या आवृत्तीचे नाव, आपल्या उदाहरणात `tomato-v3`, तिकिटात लिहायचे ते याचसाठी. विभागणी बदलली की जुन्या तिकिटांचे आकडे नव्यांशी ताडून पाहता येत नाहीत. आवृत्ती लिहिलेली असेल तर हे निदान लक्षात येते.

निर्णय लिहून ठेवण्याची सवय लहान संघांपुरती नाही. मेटा कंपनीने मे 2022 मध्ये ओपीटी-175बी हे मोठे भाषा-मॉडेल जाहीर केले, तेव्हा त्याच्याबरोबर प्रशिक्षणाची रोजनिशीही खुली केली. 992 जीपीयूंवर सुमारे दोन महिने चाललेल्या त्या प्रशिक्षणात किमान 35 वेळा माणसांना हाताने पुन्हा सुरुवात करावी लागली. कधी यंत्र बिघडले, तर कधी चुकीचे प्रमाण अचानक उसळले आणि शिकण्याचा वेग कमी करून आधीच्या जतन केलेल्या टप्प्यावरून पुढे जावे लागले. पाळी बदलून येणाऱ्या माणसाला आधीच्याने काय पाहिले आणि काय ठरवले हे वाचता येत होते. ती रोजनिशी आजही कुणालाही वाचता येते. तिच्यातली हतबलता आणि तिच्यातला संयम दोन्ही वाचण्यासारखे आहेत.

ज्या वाचकांचा या कामाशी थेट संबंध आहे, महाविद्यालयातला प्रकल्प असो की कंपनीतला, त्यांनी साधन कोणते घ्यावे यावर वेळ घालवू नये. सामायिक स्प्रेडशीटमध्ये चार रकाने पुरतात. उद्या जो प्रयोग लावणार आहात, त्याचे गृहीतक आणि ‘कसे कळेल’ हे आज रात्री लिहा, एखाद्या सहकाऱ्याला वाचायला द्या आणि हा आकडा दुसऱ्या कोणत्या कारणाने येऊ शकेल ते त्याला विचारा. त्याला एखादे कारण सुचले, तर प्रयोग सुरू करण्याआधी तिकिटात ती पायरी घाला.